धागा: लग्नाच्या दिवसाचे तासवार वेळापत्रक – मुहूर्त १२:३१ चा, वऱ्हाड साताऱ्याहून आणि सगळे एकाच दिवसात

वधूचा_दादा

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न डिसेंबरमध्ये पुण्यात आहे. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांचा असून दोन्हीकडची मिळून साधारण ४५० माणसे अपेक्षित आहेत. मुलाकडचे ९० जण साताऱ्याहून दोन बसने त्याच सकाळी येणार आहेत. कार्यालयाचा ताबा सकाळी ६ ते संध्याकाळी ५ इतकाच आहे, कारण आदल्या संध्याकाळी तिथे दुसऱ्यांचे कार्य आहे. साखरपुडा आणि वाङ्‌निश्चय ऑगस्टमध्येच झालेला आहे. मी पुढीलप्रमाणे वेळापत्रक केले आहे, ते कृपया तपासून द्यावे.

सकाळी ७ वाजता आमच्याकडचे पुण्याहवाचन आणि देवक, ८:३० ला वऱ्हाडाचे आगमन, ९ ला सीमांतपूजन, ९:४५ ला हळद, १०:३० ला बहिणीचा मेकअप, ११:३० ला गौरीहर, १२:३१ ला अक्षता, १ वाजता जेवणे आणि त्याच वेळी विवाहहोम, २ वाजता फोटो, ३ ला विहीण पंगत आणि ४:३० ला पाठवणी.

कागदावर सगळे बसते आहे. तरीही आईला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते तिला नेमके सांगता येत नाही. दिवसभर हा कागद हातात धरून मीच सगळीकडे लक्ष ठेवणार आहे.

एक्सेलवीर

दादा, वेळापत्रक फार ढोबळ आहे. माझ्या मेव्हणीच्या लग्नात मी दर पाच मिनिटांची ओळ असलेली एक्सेल केली होती, प्रत्येक कामापुढे जबाबदार माणसाचे नाव लिहिले होते आणि प्रत्येक दोन कामांच्या मध्ये दहा मिनिटे राखीव ठेवली होती. आपणही तसेच करावे. साच्याची फाइल हवी असल्यास पाठवतो.

कार्यालयकाकू

मी एकोणीस वर्षे एका मंगल कार्यालयाची व्यवस्था पाहिली आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

वधूचा_दादा, तुमच्या आईचा संशय खरा आहे, आणि त्याचे कारण हळद हे आहे. मुलीला लागते ती उष्टी हळद. म्हणजे आधी नवऱ्या मुलाला हळद लागायची आणि त्यातली उरलेली मुलीकडे यायची. याचा अर्थ असा, की साताऱ्याची बस पोहोचल्याशिवाय तुमच्या बहिणीची हळद होत नाही, हळदीशिवाय तिचे न्हाणे होत नाही, न्हाण्याशिवाय मेकअपला बसता येत नाही आणि मेकअप झाल्याशिवाय ती गौरीहरापाशी बसू शकत नाही. तुमच्या कागदावर या वेगवेगळ्या ओळी दिसत असल्या, तरी प्रत्यक्षात ती एकच साखळी आहे आणि तिचे पहिले टोक खंबाटकी घाटात आहे.

आता बस अगदी वेळेवर ८:३० ला आली असे धरून चाला. नव्वद माणसे उतरणार, दारात ओवाळणे होणार, सामान खोल्यांत जाणार, चहा-नाश्ता होणार. याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात, कमी कधीच लागत नाहीत. म्हणजे सीमांतपूजन ९:१५ ला सुरू होऊन १० वाजता संपेल. मग मुलाची हळद, तिथून उष्टी हळद मुलीकडे येईपर्यंत १०:२५, तिची हळद आणि न्हाणे होईपर्यंत ११. मेकअप, केस आणि नऊवारी नेसवणे यांना दीड तास धरला, तर साडेबारा वाजतात. तुमच्या अक्षता १२:३१ ला आहेत. गौरीहराला वेळच उरत नाही, आणि हे बस वेळेवर आली तर!

एक्सेलवीर, प्रत्येक कामामागे दहा मिनिटे राखीव ठेवल्याने काही साधत नाही, कारण ती दहा मिनिटे त्या-त्या कामातली माणसेच खाऊन टाकतात. सवड ठेवायची तर एकाच ठिकाणी आणि मोठी ठेवावी, आणि ती जागा म्हणजे मेकअपच्या अगोदरची.

रत्नांग्रीकर

आमच्याकडे सगळी लग्ने गोरज मुहूर्तावर होत असत. हल्ली पुण्यात सगळ्यांना दुपारचाच मुहूर्त का लागतो, हे मला कळलेले नाही. मुहूर्त बदलून घ्या, म्हणजे अख्खी सकाळ मोकळी मिळेल.

वधूचा_दादा

रत्नांग्रीकर, पत्रिका छापून झाल्या आहेत आणि कार्यालय ५ वाजता सोडायचे आहे, त्यामुळे ते शक्य नाही.

काकू, आपले गणित वाचून पोटात गोळाच आला. आता वऱ्हाडाला आदल्या रात्रीच बोलवावे का? नव्वद माणसांची राहण्याची सोय करायची तर खर्च बराच वाढेल, आणि शिवाय व्याही मंडळींनी तसे सुचवलेलेही नाही.

पळीपंचपात्र

पौरोहित्य करतो म्हणून दोन शब्द लिहितो.

नव्वद माणसांना आदल्या दिवशी आणण्याची आवश्यकता नाही. मुलाची हळद आदल्या संध्याकाळी साताऱ्यास त्यांच्या घरीच होऊ द्यावी. तिकडचे देवक आणि पुण्याहवाचनही तिथेच उरकेल. त्यातली उष्टी हळद एका वाटीत घालून, करवली आणि आणखी एक सवाष्ण अशा दोघींना मोटारीने पहाटे ४:३० ला निघू द्यावे. सातारा ते पुणे अंतर ११० किलोमीटरच्या आसपास आहे आणि पहाटे घाट मोकळा असतो, त्यामुळे त्या साडेसातपर्यंत सहज पोहोचतील. ७:४५ ला मुलीची हळद होईल आणि बस कितीही वाजता आली, तरी मुलीची तयारी अडणार नाही. सीमांतपूजनात पूजा वराची होते. वाङ्‌निश्चय आधीच झालेला असल्यामुळे त्या वेळी वधू तिथे असलीच पाहिजे असे नाही.

दुसरी गोष्ट मंगलाष्टकांची. किती नातेवाईक म्हणणार आहेत, हे आपण लिहिलेले नाही.

वधूचा_दादा

गुरुजी, हे अगदी सुटसुटीत आहे. आजच व्याह्यांशी बोलतो.

मंगलाष्टके म्हणणाऱ्यांत दोन आत्या, एक मावशी आणि मुलाकडचे एक काका आहेत. काका संगीत विशारद आहेत.

पळीपंचपात्र

मग विशारद काकांना पहिले घ्यावे.

हे विनोदाने लिहिलेले नाही. शार्दूलविक्रीडितातले एक कडवे सरळ म्हटले तर पाऊण मिनिटात होते, पण रागात आळवले की दोन-अडीच मिनिटे जातात. चौघांनी प्रत्येकी दोन कडवी म्हटली, तर दहा ते पंधरा मिनिटे झाली. त्यात आमची संस्कृत मंगलाष्टके वेगळी. शेवटी ‘तदेव लग्नं’ म्हणून अंतरपाट उत्तरेकडे काढला जातो, तो क्षण १२:३१ चा असला पाहिजे. पूर्वी तांब्याचे भोक पाडलेले घटिकापात्र पाण्यात सोडून वेळ मोजत आणि ते बुडाले की २४ मिनिटांची एक घटिका झाली असे समजत. आता मी मोबाइल समोर ठेवतो. म्हणून सर्वांत लांब म्हणणारा पहिला आणि सर्वांत आटोपशीर म्हणणारा शेवटी ठेवावा, म्हणजे वेळ आल्यावर मला कोणालाही अर्ध्यात थांबवावे लागत नाही. १२:१२ ला मामाने मुलीला बोहल्यावर आणावे, १२:१५ ला पहिले कडवे सुरू व्हावे.

छायाप्रकाश

मी लग्नाची छायाचित्रे काढतो. मूळ कागदात ‘२ वाजता फोटो’ अशी एकच ओळ आहे, ती कृपया खोडावी. दोन वाजता निम्मे नातेवाईक जेवत असतात, निम्मे निघून गेलेले असतात, आणि ज्यांच्यासाठी समूहचित्र काढायचे, ती आजी खोलीत पडलेली असते.

माझा अनुभव असा, की मुलाकडचे सगळे समूह मुहूर्ताआधीच काढून घ्यावेत, कारण मुलगी मेकअपला बसलेली असताना ती मंडळी नाश्ता करून रिकामीच असतात. मुलीची एकटीची छायाचित्रे गौरीहरापूर्वी वीस मिनिटे. दोघांची एकत्र छायाचित्रे मात्र जेवणानंतर पावणेचारच्या सुमारास अंगणात घ्यावीत. डिसेंबरात तेव्हा ऊन कलते आणि चेहऱ्यावर सावल्या पडत नाहीत. त्याआधी, म्हणजे भर दुपारी, मंडपाच्या रंगीत कापडाखाली चेहरे हिरवे-गुलाबी येतात.

मेकअपविषयीही एक सांगतो. हळद आणि मेकअप यांच्यात जितका अधिक वेळ जाईल तितके बरे. न्हाऊन लगेच बसवले, तर त्वचेवर राहिलेली पिवळी झाक छायाचित्रात उतरते आणि ती नंतर घालवताना साडीचाही रंग बदलतो.

एडिसनकर

आमच्या मुलीचे लग्न न्यू जर्सीत झाले, तिथला अनुभव सांगतो. हॉटेलात उघड्या अग्नीसाठी आगाऊ परवानगी काढावी लागली होती आणि होमासाठी आम्हाला वीसच मिनिटे मिळाली, कारण धुराचा गजर वाजला तर अख्खे हॉटेल रिकामे करावे लागते. गुरुजींनी तीन आहुत्यांत आटोपले. तेव्हा आपल्या कार्यालयात होमाची परवानगी आहे का, ते आधी विचारून घ्या.

कार्यालयकाकू

एडिसनकर, आमच्याकडे होमकुंडाचे विचारावे लागत नाही. गीझरचे मात्र विचारावे लागते! डिसेंबरच्या सकाळी नव्वद माणसांनी चार न्हाणीघरांत गरम पाणी मागितले, की नवऱ्या मुलीच्या खोलीत थंड पाणी येते. वऱ्हाड न्हाऊन येणार की इथे येऊन न्हाणार, हे विचारून ठेवा आणि मुलीच्या खोलीसाठी बंब वेगळा ठेवा.

आता मुहूर्तानंतरचे पाहू, कारण खरी गर्दी तिथे होते. ४५० पैकी तीनेकशे माणसे १२ ते १२:२५ या वेळात येतील. त्याआधी येतात ते घरचेच. १२:३१ ला अक्षता टाकून झाल्या, की सगळ्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: जेवण आणि नवरा-नवरीला भेटून आहेर देणे. तुमच्या भोजनगृहात एका वेळी किती माणसे बसतात?

वधूचा_दादा

व्यवस्थापकांनी २२० सांगितले आहेत. बुफे आहे, फक्त विहीण पंगत पाटांवर होईल.

कार्यालयकाकू

म्हणजे दोन फेऱ्या. बुफेत माणूस ताट घेण्यापासून हात धुण्यापर्यंत पस्तीस-चाळीस मिनिटे घेतो. १२:४० ला वाढायला सुरुवात केली, तर पहिली फेरी १:२० ला आणि दुसरी २ वाजता आटोपेल. आचाऱ्याला ‘१ वाजता जेवण’ असे कधीही सांगू नका. १२:२५ ला भाजी, वरण, मसालेभात तयार असला पाहिजे आणि १२:४० ला पहिले ताट भरले पाहिजे, असे सांगा. जिलबी मात्र गरम काढतात, तेव्हा तिची कढई १२ वाजता चढू द्या.

आता पेच असा आहे, की पहिल्या फेरीतले दोनशे जण १:२० ला जेवून हात पुसत व्यासपीठाकडे येतात, तेव्हा होम चालू असतो. मग कोणी गुरुजींच्या डोक्यावरून पाकीट देतो, तर कोणी लाजाहोम चालू असताना मुलीला हात मिळवायला सांगतो. यावर मी दोन उपाय करत असे. अक्षतांनंतर लगेच वीस-पंचवीस मिनिटे जोडप्याला उभे ठेवून भेटी घ्यायच्या, म्हणजे दुसऱ्या फेरीत जेवणारे तेवढ्यात भेटून घेतात. आणि होमाच्या वेळी व्यासपीठाच्या पायरीशी मुलीचे काका-काकू आहेराची वही घेऊन बसवायचे, म्हणजे पहिल्या फेरीतल्या लोकांना कोणीतरी घरचे भेटल्याचे समाधान मिळते. ज्यांना थांबता येते ते २:१५ नंतर भेटतात.

पळीपंचपात्र

काकूंचा अनुभव मोठा असला, तरी पहिला उपाय मला मान्य नाही. माळा घातल्या, अक्षता पडल्या, की लगेच कन्यादानाचा संकल्प व्हावा. ज्या आईवडिलांना कन्यादान करायचे असते ते उपाशी असतात, आणि मध्येच पंचवीस मिनिटे हस्तांदोलने चालली, की ती पंचविसाची पन्नास होतात. होम ते सप्तपदी यथासांग करायला सव्वा तास लागतो. भेटींत वेळ गेला, की तो सव्वा तास कापून मागितला जातो आणि घाई केल्याचा ठपका आमच्यावर येतो.

कार्यालयकाकू

गुरुजी, आपले म्हणणे खरे आहे. पण मी असेही लग्न पाहिले आहे, की सप्तपदी संपून जोडपे मागे वळले आणि सभागृहात सतरंज्या गुंडाळणारे तेवढे उरले होते. लोक लांबून येतात ते दोघांना पाहायला.

वधूचा_दादा

या उपवासावरून आणखी एक अडचण लक्षात आली. बाबांना मधुमेह आहे आणि सकाळी गोळी घेतल्यावर त्यांना उपाशी राहता येत नाही. कन्यादान दुपारी एकच्या पुढे जाणार असेल, तर काय करावे?

पळीपंचपात्र

त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारून काय ते ठरवावे. दूध, फळे घेण्यास माझी काहीच हरकत नसते, आणि ज्यांना तेवढ्याने भागत नाही त्यांना मी सरळ खायला सांगतो. वेळापत्रकात मात्र ती ओळ लिहून ठेवा, कारण ‘नंतर घेतो’ म्हणत यजमान दिवसभर काहीच घेत नाहीत. मुलीसाठीही ९:३० ला, मेकअपला बसण्यापूर्वी, दूध आणि केळे लिहा. ओठ रंगवल्यावर ती काही खाणार नाही.

आणि एक राहिलेच. आपण वधूचे सख्खे भाऊ आहात ना? मग ‘कागद हातात धरून मीच लक्ष ठेवणार’ हे कसे जमेल? लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या आपण घालायच्या आहेत, आणि नवऱ्या मुलाचा कान आपणच पिळायचा आहे. त्या वेळी भोजनगृहातली दुसरी फेरी भरात असेल.

वधूचा_दादा

हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

एक्सेलवीर

कानपिळी दोन मिनिटांची असते, तेवढ्यापुरता कागद कोणाकडेही द्यावा.

कार्यालयकाकू

दोन मिनिटांची नसते. त्याला पोशाख देतात, सगळे चिडवतात, छायाचित्रकार पुन्हा कान धरायला लावतो. शिवाय मुहूर्ताच्या वेळी भाऊ जवळच लागतो आणि पाठवणीच्या वेळी तो कोणत्याही उपयोगाचा नसतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कागद अशाच माणसाकडे द्यावा, ज्याला विधीत काही काम नाही. मामा नको, काका नको, भाऊ नको. आतेभाऊ किंवा मावसभाऊ उत्तम.

आणि त्या एका कागदाच्या प्रती सगळ्यांना वाटू नका. आचाऱ्याला त्याच्या चार वेळा, छायाचित्रकाराला त्याच्या पाच, गुरुजींना फक्त बोहल्यावरच्या. सगळा दिवस एकट्या आतेभावाकडे असू द्या.

वधूचा_दादा

सर्वांचे मनापासून आभार. व्याह्यांनी आदल्या दिवशीच्या हळदीला होकार दिला आहे आणि त्यांची मोठी सून स्वतः वाटी घेऊन येणार आहे. सुधारलेला कागद असा आहे.

६:०० ला ताबा, बंब पेटवणे आणि चहा. ७:०० ला आमच्याकडचे पुण्याहवाचन, देवक. ७:३० पर्यंत उष्टी हळद पोहोचेल, ७:४५ ला बहिणीची हळद आणि ८:२० ला न्हाणे. बस ८:३० ला अपेक्षित, परंतु ९:१५ पर्यंत आली तरी काही बिघडत नाही. त्यांचा चहा-नाश्ता झाल्यावर सीमांतपूजन, ते १०:३० पर्यंत केव्हाही संपले तरी चालेल.

बहिणीला ९:३० ला दूध व केळे, ९:४५ ते ११:१५ मेकअप आणि नऊवारी. म्हणजे न्हाण्यानंतर जवळपास तासभराची सवड मोकळी सोडली आहे, तिच्यात मी काहीही घातलेले नाही. १०:४५ पासून मुलाकडचे समूह फोटो, ११:१५ ला बहिणीचे एकटीचे, ११:४० ला ती गौरीहरापाशी बसेल. १२:१२ ला मामा तिला आणतील. मंगलाष्टकांत विशारद काका पहिले आणि धाकटी आत्या शेवटची. १२:३१ अक्षता, १२:४० ला पहिले ताट.

त्यानंतर कन्यादान आधी की भेटी आधी, हे मी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांवर सोपवले आहे. आमचे बाबा गुरुजींच्या बाजूने आहेत, व्याही काकूंच्या. भेटी आधी झाल्या तर सप्तपदी २:३० ला संपेल, नाही तर २ ला. विहीण पंगत दोन्ही परिस्थितींत ३ वाजताच मांडायची, पावणेचारला अंगणात जोडप्याचे फोटो, त्याच वेळी आतमध्ये ऐरणीदानाची आणि झालीची तयारी, ४:०५ ला ते विधी, ४:३५ ला पाठवणी. कागद आतेभावाकडे राहील.

छायाप्रकाश

सूनमुख राहिले.

वधूचा_दादा

ते ४:०५ च्या ओळीत घातले. धन्यवाद.

कार्यालयकाकू

पाच वाजता ताबा सोडायचा आणि ४:३५ ला पाठवणी, हे जुळत नाही. पाठवणीला रडारड धरून अर्धा तास लागतो, आणि मग रुखवत, भांडी, उरलेले अन्न आणि विसरलेल्या पिशव्या कोण आवरणार? विहीण पंगत पावणेतीनला मांडा, उखाणे प्रत्येकी एकच घ्या आणि व्यवस्थापकांकडून अर्धा तास आजच लेखी मागून घ्या. त्या दिवशी तोंडी मागितला, तर दर तासाचा लावतात.

रत्नांग्रीकर

बसचालकाला जेवण कोण देणार ते लिहिलेले नाही. आमच्या पुतण्याच्या लग्नात दोन्ही चालक शेजारच्या हॉटेलात जेवायला गेले होते आणि वऱ्हाड चाळीस मिनिटे दारात उभे होते.

वधूचा_दादा

लिहून घेतले. दुसऱ्या फेरीत, १:२० ला. आतेभाऊ स्वतः बोलावून आणेल.